माइक तोंडाशी आला की ‘प’ फुटतो: निवेदनातले पॉप कसे काढावेत

माइकच्या अगदी जवळ बसून वाचलेलं निवेदन फोनवर ऐकलं तर बहुतेक वेळा ठीकच वाटतं. तेच हेडफोनवर किंवा गाडीत लावलं, की प, फ, ब, भ आला रे आला की ‘धप्प’ होतं. यालाच पॉप म्हणतात. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून इतका खालचा आवाज बाहेरच पडत नाही, म्हणून तो आधी कळत नाही. तेव्हा या कामाला हात घालण्याआधी कान झाकणारे, शक्यतो वायरचे हेडफोन शोधून ठेवा. लॅपटॉपच्या स्पीकरवर पॉप काढायला बसणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

हा ‘धप्प’ कुठून येतो ते नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. प किंवा ब म्हणताना ओठ क्षणभर मिटतात, मागे हवा कोंडते आणि ओठ उघडताच तिचा झोत बाहेर येतो. तो झोत माइकच्या पडद्यावर आदळून त्याला आत ढकलतो. झोत वीतभर अंतरात विरून जातो, म्हणून माइक चार बोटांवर असेल तर पॉप येतो आणि वीतभर लांब असेल तर सहसा येत नाही. त्यात समोरचाच आवाज घेणारे, म्हणजे कार्डिऑइड जातीचे माइक जवळून बोलल्यावर खर्ज आपोआप वाढवतात. त्यामुळे धक्काही जास्त आणि तो फुगवलेलाही.

तोंडासमोर तळहात धरून ‘पाटी’, ‘बाग’, ‘फळा’, ‘भाकरी’ म्हणून पाहा. फ आणि भ ला हाताला जास्त हवा लागते, कारण ते महाप्राण आहेत. साध्या प ला एरवी फारशी लागत नाही, पण वाक्याच्या सुरुवातीला जोर देऊन वाचलं की तोही फटका देतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नौपाड्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी ठाण्याच्या इतिहासावर निवेदन रेकॉर्ड केलं. खिडकीखाली गोखले रोडचे हॉर्न. ते नकोत म्हणून सरांनी माइक ओठांजवळ घेतला. त्यात चूक म्हणावी असं काही नाही. जवळ घेतल्याने रस्ता खरोखरच मागे गेला, फक्त त्याची किंमत पॉपच्या रूपात मोजावी लागली. त्यातलं हे वाक्य पाहा:

‘१६ एप्रिल १८५३ रोजी भर दुपारी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यात पोहोचली.’

यात ‘भर’, ‘बोरीबंदर’मधला पहिला ब आणि ‘पोहोचली’ अशा तीन ठिकाणी धप्प होतं. ‘पहिली’ आणि ‘दुपारी’ मात्र साफ आहेत, कारण तिथे सरांनी जोर दिलेला नाही. पॉप काढताना पहिला नियम हाच: जिथे ऐकू येतो तिथेच हात लावायचा. प दिसला म्हणून प्रत्येक ठिकाणी फिल्टर मारत सुटायचं नाही.

तयारी

मी ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर धरून सांगतो. फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. मूळ फाइल WAV मध्ये असेल तर उत्तम. ट्रॅक निवडून Ctrl+D दाबा, म्हणजे त्याची प्रत तयार होईल. मूळ ट्रॅक म्यूट करून प्रतीवर काम करा. काही बिघडलं तर त्या जागेचा मूळ तुकडा हाताशी राहतो.

आवाज समतल करणारा कॉम्प्रेसर किंवा नॉर्मलाइझ अजून चालवू नका. पॉप असताना कॉम्प्रेसर चालवला तर तो धप्पला आवाज समजून दाबतो आणि त्याच्या पाठोपाठचा शब्दही बुडतो. पॉप आधी, बाकी सगळं नंतर.

मग संपूर्ण ट्रॅकवर एक हलका हात फिरवायचा. Effect मेनूतून EQ and Filters, त्यात High-Pass Filter. Frequency मध्ये 80 आणि Roll-off मध्ये, म्हणजे कापण्याच्या उतारात, 12 dB ठेवून लावा. याने ८० हर्ट्झच्या खालची पंख्याची, रस्त्याची घरघर कमी होते आणि पॉपही थोडे बसतात. पूर्ण जाणार नाहीत, कारण पॉपचा बराचसा जोर १५०-२०० हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. पण सगळ्या ट्रॅकवर तितकं वर जायचा मोह टाळा. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो. तो सबंध निवेदनातून कापला तर सर जुन्या टेलिफोनवरून बोलताहेत असं वाटेल.

पॉप शोधणं

ट्रॅकच्या नावावरच्या मेनूतून Multi-view निवडा. वर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते रंगांत दाखवणारं चित्र, आणि खाली लाटांची आकृती अशी दोन्ही एकत्र दिसतील. Spectrogram Settings मध्ये Max Frequency 1000 केलं की खालचा भाग मोठा होऊन दिसतो. पॉप असेल तिथे शब्दाच्या तोंडाशी अगदी तळाला एक उजळ डाग दिसतो आणि लाटांमध्ये एक-दोन रुंद, आळशी वळणं दिसतात. आवाजाच्या लाटा दाट असतात, तशी ही नसतात. ती ओळखायला दोन-तीन पॉप पुरेत, पुढे नजर आपोआप जाते.

सोपा पॉप: ‘पोहोचली’

प म्हणण्याआधी ओठ मिटलेले असतात, तेव्हा आवाज जवळपास शून्य असतो. निवड त्या शांत फटीतच सुरू करा आणि रुंद वळणं संपून दाट लाटा लागल्या की लगेच थांबवा. ही निवड साधारण ४० ते ८० मिलिसेकंदांची होते. मग Z दाबा, म्हणजे निवडीची दोन्ही टोकं लाट मधल्या रेषेला छेदते तिथे सरकतील. आता तोच High-Pass Filter, पण Frequency 150 आणि Roll-off 24 dB.

दोन सेकंद मागून ऐका. धप्प उरला असेल तर Ctrl+Z करून 200 ने पाहा. २५० च्या वर जायची वेळ आली तर बहुधा निवडच चुकली आहे, पॉपची सुरुवात बाहेर राहिली आहे. सूत्र जमलं की पुढच्या प ला फक्त निवड करायची आणि Ctrl+R, तोच फिल्टर त्याच आकड्यांनी पुन्हा लागतो.

निवडीच्या शेवटी बारीक ‘टक’ ऐकू आलं तर टोक स्वराच्या मध्यात पडलंय. तिथे खर्ज कापलेली लाट आणि न कापलेली लाट यांचा सांधा जुळत नाही. मागे जाऊन टोक थोडं अलीकडे घ्या.

अवघड पॉप: ‘बोरीबंदर’ आणि ‘भर’

बहुतेक जण इथे फसतात. मराठीतला ब ओठ उघडण्याआधीच वाजायला लागतो. ओठ मिटलेले असतात तरी घशात कंप चालू असतो. त्यामुळे स्पेक्ट्रोग्राममध्ये धप्पच्या आधी तळाशी एक मंद, सपाट पट्टी दिसते. ती पॉपचा भाग समजून निवडीत घेतली आणि १५० हर्ट्झने कापली, तर सरांच्या आवाजाचा पायाच तिथून जातो. मग ‘बोरीबंदर’चं ‘पोरीबंदर’ व्हायला लागतं. पूर्ण नाही झालं तरी ऐकणारा क्षणभर अडखळतो, हे नक्की.

म्हणून ब साठी निवड शांततेपासून सुरू करायची नाही, ओठ उघडतात तिथून करायची. लाटांमध्ये सपाट पट्टीची छोटी नियमित वळणं संपून एकदम उसळी येते, ती जागा. तिथून रुंद वळणं संपेपर्यंत, आणि आकडा थोडा खाली: १२० ने सुरुवात करा, Roll-off 24 dB. थोडा धप्प उरला तर उरू द्या. शब्द स्पष्ट राहणं जास्त महत्त्वाचं, आणि किंचित फटका मागच्या-पुढच्या वाक्यात विरून जातो.

‘भर’मध्ये ब सारखी पट्टी असतेच, शिवाय ओठ उघडल्यावर श्वास बराच वेळ वाहतो. त्यामुळे निवड सुरू व्हायची ती उसळीपासूनच, पण १०० मिलिसेकंदांच्या आसपास लांब होते. इथे एकाच जोरकस फिल्टरपेक्षा १२० हर्ट्झ आणि 12 dB दोनदा लावून प्रत्येक वेळी ऐकलेलं बरं, म्हणजे पहिल्याने भागलं तर तिथेच थांबता येतं.

वाचणारी बाई असेल तर हे सगळं बरंच सुकर होतं. बायकांच्या आवाजाचा पाया साधारण १६५ ते २५५ हर्ट्झ असतो, म्हणजे १२० चा फिल्टर पॉप काढतो आणि ब ची पट्टी जवळपास शाबूत राहते.

फिल्टर जिथे हरतो

लाटेचा माथा ट्रॅकच्या कडेला टेकून कापल्यासारखा सपाट दिसत असेल, तर आवाज तिथे फाटला आहे. त्यातून खर्ज काढला तरी खरखर उरते, कारण फाटण्याने तयार झालेला कर्कशपणा वरच्या भागात पसरलेला असतो. अशा वेळी त्याच निवेदनात तोच अक्षरसंच दुसरीकडे साफ मिळतो का ते बघा. ‘पोहोचली’च्या ‘पो’साठी ‘पो’च हवा, ‘पा’ चालत नाही, कारण ओठ पुढच्या स्वराच्या आकारात आधीच येतात. मिळाला नाही तर वाक्य पुन्हा वाचून घ्या. तेव्हा माइक पहिल्याइतकाच जवळ ठेवा, नाहीतर खर्ज बदलतो आणि ठिगळ कानाला कळतं. फक्त तो ओठांच्या सरळ समोरून हटवून गालाच्या बाजूला, तीस-चाळीस अंश तिरका करा. झोत सरळ निघून जातो, आवाज मात्र माइकला मिळतो. मध्ये जाळीचा पॉप फिल्टर असेल तर तो माइकला चिकटवू नका, चार बोटं पुढे लावा. माइकवर घालायची फोमची टोपी जवळच्या ‘भ’ला सहसा पुरी पडत नाही.

सगळे पॉप झाल्यावर कॉम्प्रेसर चालवा आणि पुन्हा हेडफोनवर ऐका. आवाज समतल झाल्यावर आधी झाकलेले एक-दोन फटके वर येतात. ते कॉम्प्रेस झालेल्या ट्रॅकवर काढत बसू नका. Ctrl+Z करून कॉम्प्रेसर मागे घ्या, तेवढे पॉप काढा आणि मग तो परत चालवा.