सीएसआरने द्रवीकरण तपासताना या चुका टाळा

१९६४ च्या निगाता भूकंपात कावागिशी-चो वसाहतीतल्या इमारती जवळपास अखंड राहिल्या, पण खालची पाणी भरलेली सैल वाळूच पातळ झाल्यामुळे काही पार आडव्या झाल्या. हा धोका आधी ओळखण्यासाठी सीड आणि इद्रिस यांनी १९७१ मध्ये सोपी रीत मांडली. भूकंप वाळूवर किती चक्रीय ताण आणतो तो सीएसआर, आणि वाळू किती सोसते तो सीआरआर. सोसण्याला आणण्याने भागलं की सुरक्षा गुणांक मिळतो.

```
CSR = 0.65 * (amax/g) * (sigma_v/sigma_v') * rd
```

यात amax म्हणजे जमिनीचं कमाल त्वरण, sigma_v एकूण ताण, sigma_v' प्रभावी ताण आणि rd खोलीप्रमाणे ताण कमी करणारा गुणक. सूत्र सरळ आहे. गडबड होते ती त्यात घालायच्या आकड्यांत. गंगेच्या काठची, पाटण्याच्या बाजूची एक जागा घेऊ (आकडे हिशेबापुरते धरले आहेत). ६ मीटर खोलीवर स्वच्छ वाळू, एसपीटीचा एन १४, वाळूचं एकक वजन पाण्यावर १८ आणि पाण्याखाली १९ किलोन्यूटन प्रति घनमीटर. बोअर मे महिन्यात घेतला तेव्हा पाणी ४.५ मीटरवर होतं, पावसाळ्यात ते १.५ मीटरपर्यंत येतं.

पहिली चूक पाण्याचीच. अहवालात मे महिन्याची पातळी लिहिलेली असते आणि तीच सीएसआरमध्ये जाते. तसं केलं तर एकूण ताण १०९.५ आणि प्रभावी ताण ९४.८ किलोपास्कल येतो, गुणोत्तर १.१६. पावसाळ्याची पातळी धरली तर ११२.५ आणि ६८.४, गुणोत्तर १.६४. एकूण ताण फारसा हलला नाही, पण रंध्रदाब तिप्पट झाला. भूकंप मुहूर्त बघून येत नाही, म्हणून सीएसआरला वर्षातली सर्वांत उथळ पातळी धरायची.

पण एन-व्हॅल्यूच्या दुरुस्तीत तीच पातळी घालू नका. ही चूक मला अनुभवी माणसांच्या तक्त्यातही दिसते. हॅमर पडला तेव्हा वाळूवर मे महिन्याचा ताण होता, म्हणून ओव्हरबर्डनची दुरुस्ती ९४.८ वरच करायची. हॅमरची ऊर्जा आणि रॉडची लांबी धरून १४ चे साधारण १२ होतात. त्यांना १०० भागिले ९४.८ च्या वर्गमुळाने गुणलं की १२.३. इथे ६८.४ घातलं तर १४.५ येतात आणि वाळू आहे त्याहून घट्ट दिसते. एकाच तक्त्यात पाण्याच्या पातळीचे दोन रकाने हवेत, एक चाचणीच्या दिवसाचा आणि एक डिझाइनचा.

सगळ्यात महाग पडते ती त्वरणाची चूक. Z म्हणजे भूकंपक्षेत्राचा गुणांक; स्ट्रक्चरल हिशेबातला Z/2 हात सवयीने इथेही लिहितो. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत, जागेचं पीजीए माहीत नसेल तर amax/g ला पूर्ण Z धरायला सांगितलं आहे. तिथे पाटणा क्षेत्र ४ मध्ये आहे, म्हणजे ०.२४. rd ६ मीटरला ०.९५४. सीएसआर ०.२४५ येतो. १२.३ ला ७.५ तीव्रतेचा सीआरआर ०.१३४, म्हणून गुणांक ०.५५: ही वाळू द्रवणार. हाच हिशेब ०.१२ घेऊन केला की १.०९ येतो आणि अहवालात ‘सुरक्षित’ छापलं जातं. जमीन तीच, वाळू तीच.

तीव्रतेचा गुणक एकदाच लावायचा. ६.५ तीव्रतेला तो साधारण १.४४. सीआरआरला गुणायचं किंवा सीएसआरला भागायचं. तयार तक्त्यात दोन्ही जागी तो बसलेला असला तर ०.५५ चे १.१३ होतात, खरे असायला हवेत ०.७९. दुसऱ्याचा तक्ता वापरण्याआधी एक ओळ हाताने सोडवून बघा.

आता एन बद्दलच शंका आली तर. पाण्याखालच्या बारीक वाळूत एन अचानक ३-४ आला, वरखाली मात्र १५ असतील, तर आधी बोअरहोल तपासा. भोकातलं पाणी बाहेरच्या पातळीखाली गेलं की तळाची वाळू उसळून वर येते आणि सैल होते. ओळखायची खूण अशी: तळ साफ केल्यावर खोली मोजा, आणि स्पून खाली सोडण्याआधी वजन बांधलेल्या टेपने पुन्हा मोजा. ६.० मीटरचे ५.७ झाले असतील तर तुम्ही ३० सेंटिमीटर उसळलेली वाळू ठोकणार आहात. तो आकडा टाकून द्या, भोकात पाणी किंवा बेंटोनाइट बाहेरच्या पातळीच्या वर ठेवा आणि शेजारी नवा बोअर घ्या.

आणखी एक: आयएस २१३१ मधली, एन १५ च्या वर असताना बारीक वाळूत करायची डायलेटन्सीची दुरुस्ती इथे लावू नका. सीआरआरचा वक्र ज्या एन-व्हॅल्यूंवरून बांधला आहे, त्यांना ती लावलेली नव्हती.