निवृत्तीच्या शुभेच्छापत्रासाठी चित्राचा प्रॉम्प्ट लिहिताना या चुका टाळा

शासकीय आणि निमशासकीय कार्यालयांत निवृत्ती महिन्याच्या अखेरच्या दिवशी होते, त्यामुळे कोल्हापुरातील आमच्या डीटीपीच्या दुकानात दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोणी ना कोणी मोबाईलवर एआयकडून काढून घेतलेले चित्र घेऊन येते आणि 'यावर फक्त चार ओळी टाकून प्रिंट द्या' असे सांगते. चित्र बहुधा देखणे असते, पण त्या चार ओळींना जागाच नसते. चित्र तयार झाल्यानंतर ही अडचण सोडवणे फार कठीण जाते. प्रॉम्प्ट लिहितानाच दोन मिनिटे विचार केला, तर ती उद्भवतही नाही.

सर्वांत मोठी आणि सर्वांत वारंवार दिसणारी चूक म्हणजे प्रॉम्प्टमध्ये 'शुभेच्छा संदेशासाठी जागा सोडा' एवढेच लिहून पुढे जाणे. एका कार्यालयातील लेखा शाखेच्या ज्येष्ठ लिपिकांना निरोप द्यायचा होता. सहकाऱ्यांनी प्रॉम्प्ट लिहिला होता तो असा: 'सेवानिवृत्तीचे सुंदर कार्ड, ऑफिसच्या वस्तू, उबदार रंग, संदेशासाठी जागा.' आलेल्या चित्रात टेबल वस्तूंनी गच्च भरलेले होते आणि मधोमध तळहाताएवढी, कडेने नक्षी असलेली, जुन्या कागदाची गुंडाळी उलगडून ठेवलेली होती. त्या गुंडाळीवर देवनागरीसारखी दिसणारी, पण कोणत्याही भाषेत न वाचता येणारी अक्षरे उमटलेली होती. शिवाय चित्र चौरस होते आणि कार्ड आडवे हवे होते. समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी होता आणि मंडळी दुकान बंद होण्याच्या वेळी आली होती. सहा ओळींचा मजकूर त्या गुंडाळीत बसवायचा, तर अक्षर ७ पॉइंटच्या वर जात नव्हते. शेवटी त्यांच्याच आग्रहावरून चित्रावर पांढरा चौकोन टाकावा लागला, त्याखाली चहाचा कप आणि निम्मे टेबल झाकले गेले, आणि चौरसाचे आडवे कार्ड करताना वरची कुंडी छाटली गेली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यांनी ते कार्ड हातात घेऊन आधी डोळ्यांपासून लांब धरले, मग चष्मा कपाळावर सरकवून जवळ आणले आणि अखेर शेजारी बसलेल्या मुलाला वाचून दाखवायला सांगितले, असे मला नंतर कळले.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. चित्र काढणाऱ्या एआयला आपला हेतू कळत नाही. त्याला वर्णन कळते. 'संदेशासाठी जागा' हा हेतू झाला, आणि असे शब्द ज्या चित्रांसोबत त्याने पाहिलेले असतात, त्यांत बहुधा पाटी, चौकट, गुंडाळी किंवा लिहिलेला मजकूर असतो, म्हणून ते तेच काढते. 'कार्ड' हा शब्द लिहिला की अनेकदा टेबलावर ठेवलेल्या कार्डाचेच चित्र येते, सोबत लिफाफा आणि पेनही असतो. 'अक्षरे नकोत' असे लिहूनही बऱ्याच साधनांत अक्षरे येतात, कारण अक्षरांचा उल्लेख तर झालेलाच असतो. म्हणून मी प्रॉम्प्टमधून कार्ड, संदेश, शुभेच्छा, निवृत्ती हे चारही शब्द सरळ काढून टाकतो आणि त्या जागी डोळ्यांना काय दिसायला हवे तेवढेच लिहितो: 'चित्राच्या डाव्या अर्ध्या भागात सपाट, फिकट साईचा रंग, तो भाग पूर्ण कोरा आणि एकसारखा.' हे वाक्य प्रॉम्प्टच्या सुरुवातीला ठेवतो. आधी पंधरा वस्तूंची यादी आणि शेवटी जागेची विनंती, असा क्रम ठेवला की वस्तू सगळी जागा व्यापतात.

जागा किती हवी हे मजकुरावरून ठरते, म्हणून मजकूर आधी लिहून काढावा. ए५ आकाराचे आडवे कार्ड २१० बाय १४८ मिलिमीटरचे असते. त्याचा डावा अर्धा भाग मोकळा ठेवला आणि कडेचे अंतर सोडले, तर साधारण ९ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा मिळतो. त्यात १६ पॉइंटच्या अक्षरात नाव आणि सहा ओळी ऐसपैस बसतात, आणि निवृत्त होणाऱ्या माणसाला चष्म्याशिवायही त्या वाचता येण्याची शक्यता वाढते. मात्र वीस जणांच्या सह्याही त्याच पट्ट्यात हव्यात हा हट्ट धरू नये. एका सहीला साडेतीन सेंटिमीटर रुंदी आणि एक सेंटिमीटर उंची लागते. दोन उभ्या रांगांत वीस सह्या घेतल्या की १० सेंटिमीटर उंची त्यातच जाते आणि मजकुराला पुरेशी जागा उरत नाही. सह्या मागच्या बाजूला घ्याव्यात आणि ती बाजू पूर्ण कोरी ठेवावी.

मराठी मजकूर एआयकडून चित्रातच लिहवून घेण्याचा मोह तर मुळीच धरू नये. जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या अनेकदा कुठे तरी चुकतात, आणि माणसाच्या नावातच चूक राहिली तर कार्ड देण्यात अर्थ उरत नाही. मजकूर नंतर युनिकोड फॉन्टमध्ये स्वतंत्रपणे टाकावा. तो चित्रापेक्षा ठसठशीतही छापला जातो.

दुसरी चूक मला अधिक खुपते, कारण ती जागेची नसून भावनेची आहे. निरोपाचे चित्र म्हणून लोक 'रिकामी खुर्ची, मावळता सूर्य, फुलांचा हार, तेवणारी समई' असे लिहितात. यांतील प्रत्येक गोष्ट एकेकटी चांगली आहे, पण आपल्याकडे खुर्चीवर किंवा तसबिरीवर हार आणि पुढे समई दिसली की पाहणाऱ्याच्या मनात श्रद्धांजलीच येते. अशाच एका चित्रात माणसाचा चेहरा अंडाकृती चौकटीत होता आणि चौकटीला झेंडूचा हार होता. ते छापू नये, असे मी त्या मंडळींना स्पष्ट सांगितले. निवृत्त होणारा माणूस धडधाकट आहे, उद्या सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणार आहे, त्याच्या चित्रात मावळतीचा प्रकाश कशाला? मी नेहमी 'खिडकीतून डावीकडून येणारे सकाळचे कोवळे ऊन' असे लिहितो, कारण ते डाव्या मोकळ्या भागाकडून आत येते आणि त्या भागाच्या फिकट रंगालाही ते शोभते. खुर्ची हवीच असेल, तर तिच्या पाठीवर शाल टाकलेली असावी आणि टेबलावर नारळ आणि वाफाळता चहा असावा. मग ती सत्काराची वाटते. हार मात्र नसावा. चेहराही काढायला सांगू नये. वर्णनावरून काढलेला चेहरा ओळखीचा दिसत नाही, आणि कोणाचा फोटो वापरायचा तर आधी त्यांना विचारले पाहिजे.

वस्तूंच्या बाबतीत 'ऑफिसच्या वस्तू' एवढेच लिहिले, तर चकचकीत लॅपटॉप, कॉफीचा मग आणि परदेशी पद्धतीचे काचेचे केबिन येते. आपल्या सहकाऱ्याच्या टेबलावर खरोखर काय असते ते आठवून पाच-सहा वस्तू निवडाव्यात, त्याहून जास्त नकोत. वस्तूचे नुसते नाव न देता ती कशाची आणि कोणत्या रंगाची ते लिहावे. लेखा शाखेतील त्या लिपिकांसाठी पुढे उदाहरण म्हणून मी जो प्रॉम्प्ट तयार केला, तो असा आहे:

```
आडवे चित्र, ३:२ प्रमाण, जलरंग शैली. डाव्या अर्ध्या भागात
सपाट, फिकट साईचा रंग; तो भाग पूर्ण कोरा आणि एकसारखा.
उजव्या अर्ध्या भागात जुने लाकडी टेबल. त्यावर: लाल कापडात
बांधलेला फायलींचा गठ्ठा, लाकडी मुठीचा रबरी शिक्का, काचेचे
गोल पेपरवेट, स्टीलचा जेवणाचा डबा, वाफाळत्या चहाचा छोटा
काचेचा ग्लास. डावीकडून सकाळचे कोवळे ऊन.
रंग: मोहरी पिवळा, विटकरी, साईचा; फक्त ग्लासाजवळच्या
छोट्या रोपाला हिरवा. चारही कडांना थोडी मोकळी जागा.
```

यात 'उबदार रंग' हे शब्द नाहीत, हे लक्षात घ्यावे. ते लिहिले की सगळे चित्र नारिंगी होते आणि मोकळा भागही नारिंगीच येतो, मग त्यावर मजकूर तितकासा उठून दिसत नाही. रंगांची नावे द्यावीत आणि कोणता रंग कुठे तेही सांगावे. थोडा हिरवा असला की बाकीचे रंग अधिक उबदार वाटतात. मोबाईलवर झळाळणारा भडक केशरी छपाईत हमखास मंदावतो, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छपाई चार शाईंनी. विटकरी आणि मोहरीच्या छटांत हा फरक पुष्कळ कमी जाणवतो.

भिंतीवर घड्याळ आणि दिनदर्शिका मागू नका; आकडे अनेकदा चुकीचे येतात.

चित्र मनासारखे आले नाही, की शब्द तेच ठेवून बटण पुन्हा पुन्हा दाबत राहणारे उतावळे लोक मी रोज पाहतो. प्रॉम्प्टमध्ये दोष असेल तर विसाव्या चित्रातही तोच दोष येतो. मी एका वेळी एकच वाक्य बदलतो आणि काय बदलले ते पाहतो. मोकळ्या भागात रोपाची पाने शिरत असतील, तर रोपाचे वाक्यच बदलायचे, सगळा प्रॉम्प्ट नव्याने लिहायचा नाही. इंटरनेटवरून उचललेले लांबलचक तयार प्रॉम्प्ट तर मी वापरतच नाही, कारण त्यांतील निम्मी विशेषणे कशासाठी आहेत हे उचलणाऱ्यालाही सांगता येत नाही.

चित्र पसंत करण्यापूर्वी मोबाईलमध्येच त्यावर खरा मजकूर टाकून पाहावा आणि चित्र क्षणभर कृष्णधवल करावे. अक्षरे तरीही स्पष्ट वाचता आली तर जागा आणि रंग दोन्ही जमले. ३:२ प्रमाणाचे चित्र ए५ कार्डावर बसवताना दोन्ही बाजू मिळून सव्वा सेंटिमीटरच्या आसपास छाटले जाते, म्हणूनच कडांना मोकळी जागा मागितली आहे. अशा काही साधनांतून १५३६ बाय १०२४ पिक्सेलचे चित्र मिळते. ते असे छाटून ए५ कार्डावर छापले तर इंचाला १७५ च्या आसपास पिक्सेल पडतात. छपाईसाठी आम्ही ३०० मागतो. जलरंग शैलीत ही उणीव झाकली जाते, फोटोसारख्या शैलीत ती लगेच दिसते.

फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर असलेले पिक्सेलही कमी होतात. सह्या घ्यायच्या असल्यामुळे चकचकीत आर्ट पेपर घेऊ नये, त्यावर जेल पेनाची शाई हाताला लागून पसरते. मॅट कार्ड घ्यावे आणि सह्यांसाठी ते किमान एक दिवस आधी कार्यालयात पोहोचेल अशा बेताने छपाईला द्यावे.