सीरमच्या बाटलीवरचे ‘10 टक्के’: पेप्टाइड घेताना या चुका टाळा

बेळगावच्या टिळकवाडीत माझं मेडिकल आहे. मार्चमध्ये ओळखीच्या एक शिक्षिका काउंटरवर बाटली ठेवून म्हणाल्या, “काय ओ, दहा टक्के पेप्टाइड म्हणजे भारीच असणार की! महिना झाला लावून, पण आठ्या आहेत तशाच.” 30 मिलीची बाटली, किंमत 2,100 रुपये, वर ठळक अक्षरांत अर्जिरेलिन 10 टक्के. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, आणि अर्जिरेलिन हे सुरकुत्यांसाठी विकलं जाणारं त्यातलंच एक.

पहिली चूक इथेच होते. हे 10 टक्के शुद्ध पेप्टाइडचे नसतात. कच्चा माल तयार द्रावणाच्या रूपात येतो आणि अर्जिरेलिनच्या नेहमीच्या द्रावणात खरं पेप्टाइड सुमारे 0.05 टक्केच असतं, उरलेलं बहुतेक पाणी. मी बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला: 30 ग्रॅम सीरममध्ये 3 ग्रॅम द्रावण, आणि त्यात पेप्टाइड दीड मिलिग्रॅम. बाईंनी तो आकडा दोनदा वाचला.

आता कमी प्रमाण म्हणजे लगेच फसवणूक, असंही समजू नका. पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड-4, म्हणजे मॅट्रिक्सिल, यावर 2005 मध्ये छापून आलेल्या चाचणीत 93 स्त्रियांनी 12 आठवडे अर्ध्या चेहऱ्याला पेप्टाइडचं क्रीम आणि अर्ध्याला तेच क्रीम पेप्टाइडविना लावलं. पेप्टाइडचं प्रमाण दहा लाख भागांत फक्त 3 भाग होतं, तरी बारीक सुरकुत्यांत फरक मोजता आला. पण फरक थोडा होता आणि चाचणी असं क्रीम विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांची होती. अर्जिरेलिनचा पुरावा आणखी तोकडा: 2002 च्या ज्या अभ्यासाचा ‘30 टक्के सुरकुत्या कमी’ हा आकडा जाहिरातीत फिरतो, त्यात अवघ्या 10 स्त्रिया होत्या आणि मुदत 30 दिवस. बोटॉक्ससारखं काम करतं म्हणतात, पण बोटॉक्स सुईने थेट स्नायूत जातं. वरून लावलेल्या थेंबाला आधी अख्खी त्वचा पार करायची असते.

दुसरी चूक म्हणजे ग्रोथ फॅक्टरला, म्हणजे पेशींना वाढीचा इशारा देणाऱ्या प्रथिनाला, पेप्टाइडचा मोठा भाऊ समजून जास्त पैसे मोजणं. त्वचेतून सहज आत शिरायला रेणूचं वजन साधारण 500 डाल्टनपेक्षा कमी हवं. ईजीएफ, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, 6,000 च्या आसपास आहे. मधुमेहाच्या जखमेवर ईजीएफचं जेल वापरतात हे खरं, पण तिथे वरचं कातडंच नसतं. धडधाकट गालावर ती वाट बंद असते. शिवाय हे प्रथिन आहे, उष्णतेने बिघडतं. एप्रिलच्या उन्हात कुरिअरच्या टेम्पोत दिवसभर तापून निपाणी-चिकोडीला पोचलेल्या बाटलीत ते किती शाबूत असेल? काहीजणी मग ‘आत जावं’ म्हणून घरीच डर्मा रोलर, म्हणजे बारीक सुयांचा रूळ, फिरवून वर सीरम लावतात. ते करू नका. अशा टोचलेल्या त्वचेवर सीरममधला सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्हही आत जातात, आणि लाली-पुरळ घेऊन माणूस माझ्याकडेच येतो.

तिसरी चूक चकाकीवरून निकाल देण्याची. बाईंचा चेहरा तुकतुकीत झाला होता, यात शंका नाही. पण लेबलवर पाण्याखालोखाल ग्लिसरीन होतं आणि पुढे हायलुरॉनिक अॅसिड. ती दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि काही तासांतच त्वचा टवटवीत दिसते. साधं मॉइश्चरायझरही एवढं करतं.

खरंच पेप्टाइडचा फरक आहे का, हे पाहायला बाईंना उरलेल्या बाटलीवर काम दिलं. दोन्ही गालांना एकच मॉइश्चरायझर, सीरम मात्र एकाच बाजूला, कुठल्या ते मला सांगायचं नाही, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब. मिलीला 20 थेंब धरले तर 12 आठवड्यांना साधारण 17 मिली पुरतं. फोटो दर रविवारी त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फिल्टर बंद.

सोबत एक गोष्ट विचारली: रोज स्कूटरवरून येळ्ळूरला जाता, सनस्क्रीन लावता का? “लग्नकार्याला लावते.” ऑस्ट्रेलियात 903 प्रौढांवर साडेचार वर्षं चाललेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी म्हातारी झालेली दिसली. पेप्टाइडच्या मागे एवढा दणकट पुरावा नाही. बारीक सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइन या लावायच्या औषधाच्या मागे आहे, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं आणि गरोदरपणात अजिबात नाही.

माझं मत विचाराल तर मॉइश्चरायझरच्या भावात पेप्टाइड मिळत असेल तर खुशाल घ्या, 2,100 ला नको. ग्रोथ फॅक्टर त्या भावातही नको.

जूनमध्ये बाई फोनमधले बारा फोटो घेऊन आल्या. सीरम कुठल्या गालाला हे न सांगता आम्हा दोघांना ओळखायला लावलं. मी डावा म्हणालो, माझा पोरगा उजवा. बाईंनी हसून सनस्क्रीनची ट्यूब मागितली, आणि मागच्या वेळचा हिशेबाचा कागद पर्समधून काढून माझ्याच पुढ्यात ठेवला.