बेळगावात नवीन घर लावताय? आधी भिंत बघा, मग कपाट

स्लाइड १
सोलापूर, पंढरपूर, जत अशा कोरड्या भागातून बेळगावात आलेल्यांसाठी हे आहे. मीही सोलापूरचाच, आता इथलाच झालोय. आपल्याकडे सामान कुठे मावेल एवढंच बघतात. इथे पाऊस सोलापूरच्या दुपटीच्या आसपास पडतो आणि जून ते सप्टेंबर ऊन नावालाच असतं. लहान फ्लॅटमध्ये सामान भिंतीला चिकटवून जागा वाचवायची सवय इथे महागात पडते, कारण मागे हवा खेळत नाही आणि बुरशी धरते.
(अथणीकडे खोली घेतली असेल तर यातलं निम्मं सोडून द्या. खानापूरकडे घेतली असेल तर दुप्पट मनावर घ्या.)

स्लाइड २ : ओली भिंत ओळखा
पाऊस पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि नैऋत्येची बाहेरची भिंत आधी तपासा. उन्हाळ्यात घर बघत असाल तर रंगाचे फुगे, पोपडे आणि खाली पांढरा लोणा शोधा. घर नुकतंच रंगवलेलं असेल तर डोळ्यांवर विसंबू नका, खालच्या दोन फुटांवर तळहात फिरवा. रंग भुसभुशीत लागला की समजायचं.
पावसाळ्यात आला असाल तर सोपी चाचणी आहे. फूटभर प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून चीर बुजवल्याशिवाय ते थांबत नाही आणि ते काम घरमालकाचं. तुम्ही कितीही नीट मांडामांड करा, उपयोग नाही. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर दमटपणा घरातलाच आहे, म्हणजे स्वयंपाकाची वाफ आणि ओले कपडे. तो तुमच्या हातात आहे.

स्लाइड ३ : एक घर, बदललेलं
टिळकवाडीतला वन बीएचके, बेडरूम दहा बाय नऊ. लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेलं, शेजारी दोरीवर कपडे वाळत. श्रावण येईतो चामडी पट्टे आणि बॅगा हिरव्या पडल्या. प्लास्टिक लावून बघितलं तर थेंब खोलीकडून.
कपाट हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीला नेलं. ही भिंत दोन्हीकडून घरातच असल्यामुळे तेवढी गार पडत नाही. मागे चार बोटं जागा सोडली आणि पायांखाली विटा दिल्या. पश्चिमेकडे पलंग आला, तोही वीतभर पुढे. पलंगाखाली ट्रंक न ठेवता बाजारातले रिकामे फळांचे क्रेट सरकवले. त्यांना भोकं असल्यामुळे हवा जाते, आणि झाडायला ओढले की बाहेर येतात. चादरी, पुस्तकं त्यात. वर जुन्या सुती साडीचं पांघरूण, प्लास्टिक नाही. खर्च विटांचा आणि क्रेटचा.

स्लाइड ४ : कपडे वाळत घालायची जागा
हाताने पिळलेल्या बादलीभर कपड्यांत लिटर-दोन लिटर पाणी सहज उरतं, आणि खिडक्या बंद असल्या की ते तुमच्याच भिंतींवर बसतं. म्हणून एकच जागा ठरवा. गॅलरी असली तर छताला कप्प्या आणि दोरी लावून घ्या, कपडे वर चढतात आणि खालची जागा मोकळी राहते. गॅलरी नसेल तर हॉलमध्ये पंखा चालू, खिडकी चार बोटं उघडी, बेडरूमचं दार बंद. भोकं पाडायच्या आधी मालकाला विचारा, नंतर अनामत रकमेतून कापतात.

स्लाइड ५ : माळा आणि धान्य
बाथरूमवरच्या माळ्यावर फक्त भांडी आणि प्लास्टिक. गोधड्या, स्वेटर मे महिन्यात कडक उन्हात टाका, पूर्ण निवू द्या, मगच ट्रंकेत. गरम असताना झाकलं तर वाफ आतच राहते.
रविवार पेठेत घाऊक स्वस्त मिळतं म्हणून पोतंभर तांदूळ आणू नका. वन बीएचकेत महिन्याचंच धान्य, घट्ट झाकणाच्या डब्यात.

स्लाइड ६ : यादी (स्क्रीनशॉट काढून ठेवा)
☐ पश्चिमेच्या भिंतीवर तळहात फिरवला, पावसात प्लास्टिक लावून बघितलं
☐ भिंतीतून पाणी येत असेल तर फोटो काढून मालकाला पाठवले
☐ कपाट मधल्या भिंतीला, मागे चार बोटं, खाली विटा
☐ पलंग भिंतीपासून वीतभर पुढे
☐ कपडे एकाच जागी, बेडरूममध्ये नाहीत
☐ गोधड्या उन्हात टाकून, निवल्यावर ट्रंकेत
☐ चामड्याच्या वस्तू उघड्या फळीवर, दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसायच्या
☐ पावसाची उघडीप मिळाली की कपाटाची दारं तासभर उघडी