पुढे रिब, मागे लग: उसाच्या ट्रकचे टायर निवडताना

उसाच्या फडातल्या ओल्या मातीतून भरलेला सहाचाकी ट्रक बाहेर काढायचा, तर जोर मागची चाकं लावतात. म्हणून मागचे चारही टायर लग नक्षीचे घ्या. लगच्या आडव्या जाड ठोकळ्यांमधल्या खोल खाचा माती धरतात.

पुढच्या दोन टायरचं काम वेगळं, गाडी वळवायचं आणि सरळ रेषेत ठेवायचं. तिथे रिबच हवा. त्याच्या गोलाकार सलग पट्ट्या आडव्या घसरणीला अडवतात, पट्ट्यांमधल्या नाळ्यांतून पावसाचं पाणी निघून जातं आणि स्टिअरिंग हलकं राहतं.

मागचा जुना लग पुढे चढवायची सवय मला धोक्याची वाटते. डांबरावर ठोकळे एका बाजूने जास्त झिजतात. गाडी उभी करून टायरवरून तळहात पुढे-मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर ही झीज सुरू झाली आहे. मग आवाज वाढतो, स्टिअरिंग थरथरतं.

मागच्या जोडीत एक रिब, एक लग तर कधीच नको. नव्या लगची खाच जास्त खोल असल्याने त्याचा घेर बहुधा मोठा भरतो. बहुतेक वजन तोच उचलतो आणि तापतो, तर लहान टायर रस्त्यावर घासत जातो.

हंगाम संपल्यावर गाडी फक्त हायवेला चालणार असेल, तर मागेही रिब चालतो, डिझेलही वाचतं. दोन्ही कामं असतील तर मागे सेमी-लग, म्हणजे मधे रिब आणि कडेला लग असलेला टायर घ्या.