‘युद्ध झालंच नसतं तर?’ : इतिहासातला जर-तरचा प्रश्न कसा सोडवावा आणि कसा तपासावा

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, एवढं बोलून जर-तरचे प्रश्न उडवून लावणारे शिक्षक पुष्कळ आहेत. पण असा प्रश्न खरं तर कारणांचाच असतो: एक कारण काढून घेतलं तर काय कोसळतं आणि काय तसंच उभं राहतं? मुंबईच्या मुलांसाठी माझा आवडता प्रश्न असा: ‘१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं नसतं, तर मुंबई गिरण्यांचं शहर झाली असती का?’

आधी बदल नेमका ठरवा. युद्ध नाही, एवढंच. अमेरिकेचा कापूस पूर्वीसारखा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जात राहिला आणि मुंबईच्या कापसाचा भाव भडकला नाही. यापुढे स्वतःहून काही बदलायचं नाही. सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. मुलं युद्ध काढून टाकतात आणि पुढच्याच परिच्छेदात १८६५ ची मंदी आणून बसवतात. युद्ध थांबलं, भाव कोसळले, शेअरचा फुगा फुटला, अशी ती मंदी आली होती. युद्धच नसेल तर ती आणायची कुठून?

मग वहीत दोन रकाने पाडा. पहिल्यात १८६१ पूर्वी सुरू झालेल्या गोष्टी: १८५३ ची बोरीबंदर-ठाणे रेल्वे, कावसजी दावरांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापडगिरणी, १८५७ चं विद्यापीठ. बोरघाटातलं रेल्वेचं कामही युद्धाआधीच सुरू झालं होतं. मार्ग खुला झाला १८६३ मध्ये. दुसऱ्या रकान्यात युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीवर पोसलेल्या गोष्टी: शेअरबाजाराचं वेड, बॅक बेचा समुद्र भरून जमीन करणारी कंपनी, कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला दिलेली देणगी. राजाबाई टॉवरचा पैसा त्यांचाच. तेव्हा हा टॉवर दुसऱ्या रकान्यात बेधडक टाका.

काही गोष्टी मात्र कुठेच नीट बसत नाहीत. शहराभोवतीच्या कोटाच्या भिंती १८६० च्या दशकात पडल्या, पण शहर तिथे आधीपासूनच कोंडलं होतं. त्या ‘उशिरा पडल्या असत्या’ म्हणता येईल, ‘पडल्याच नसत्या’ नाही. असं काही सापडलं की जबरदस्तीने रकान्यात कोंबू नका. शंका मांडण्याचे गुण याच ठिकाणी मिळतात.

आता उत्तर लिहा, पण प्रत्येक अंदाजाला त्याचा पुरावा चिकटवून. क्रियापदाचं वजनही पुराव्याच्या वजनाइतकंच ठेवा. ‘गिरण्या आल्याच असत्या’ चालेल, कारण पहिली गिरणी युद्धाआधीची आहे. ‘बहुधा लवकर वाढल्या असत्या’ हेही चालेल, आणि मला तर हे उत्तर जास्त आवडतं: तेजीत कच्चा कापूस महागला, म्हणजे सूत काढणाऱ्याचा खर्च वाढला, आणि पैसाही सट्ट्याकडे वळला. गिरण्यांची मोठी वाढ १८७० नंतरची आहे. ‘मुंबई मँचेस्टरच्या पुढे गेली असती’ याला मात्र आधार नाही. दोन पायऱ्यांपलीकडे अंदाज नेऊ नये, कारण तिसऱ्या पायरीवर आधीच्या दोन्ही शंका एकत्र येऊन बसतात.

तपासणाऱ्यासाठी: दहा गुणांपैकी चार पुराव्याला, चार कारणांच्या जोडणीला, दोन मर्यादा ओळखण्याला. ‘हो’ म्हटलं की ‘नाही’, याला शून्य. आधी पेन्सिलने ‘असतं-असती’ची सगळी वाक्यं खोडा आणि उरलेलं वाचा. काहीच उरत नसेल तर ती कादंबरी आहे. सगळंच उरत असेल तर पोराने धडा उतरवलाय, प्रश्नाला हात लावलेला नाही.

दोन नमुने पाहा. पहिला: ‘युद्ध नसतं तर मुंबई गरीब राहिली असती, कारण कापसानेच ती श्रीमंत झाली.’ पुराव्याला एक गुण, बाकी जवळजवळ काही नाही. कापसाचा व्यापार युद्धाआधीही होता, हे त्याने पाहिलंच नाही. दुसरा: ‘गिरणी १८५४ ची, म्हणून उद्योग आला असता. पण एवढं भांडवल एवढ्या लवकर जमलं असतं का, हे सांगता येत नाही, कारण तेजीतला बराच पैसा १८६५ मध्ये बुडाला.’ याला मी आठ देईन. नववा गुण, बुडाला नाही तो पैसा कुठे गेला हे त्याने विचारलं असतं तर.

एक अडचण राहतेच. दोन परीक्षक ‘जोडणी’चे गुण वेगवेगळे देतात. म्हणून गठ्ठा वाटण्याआधी तीन-चार उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासाव्यात. दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला, तर कोणत्या वाक्याला आपण पुरावा मानला आणि कोणत्याला नाही, ते समोरासमोर बसून ठरवावं आणि मगच पुढचा गठ्ठा उघडावा.