तिच्या मित्रमैत्रिणींना पहिल्यांदा भेटताना

जुन्या दोस्तांच्या घोळक्यात नवा माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर छाप पाडायला जास्तच बोलतो. त्यापेक्षा आदल्या दिवशी गर्लफ्रेंडला दोनच नावं विचारून ठेवा आणि प्रत्येकाचं सध्या काय चाललंय तेही. समजा, एकीने नुकतीच नोकरी बदलली आहे. "नवीन ऑफिस कसं आहे?" एवढंच विचारा आणि पुढचा प्रश्न तिच्या उत्तरातूनच काढा, लगेच स्वतःच्या नोकरीवर घसरू नका. एखाद्या जुन्या किश्शावर सगळे हसले, तर कळल्यासारखं हसू नका. "हे काय प्रकरण आहे?" म्हणा, सांगायला सगळेच पुढे सरसावतात. मात्र गर्लफ्रेंडने विश्वासाने सांगितलेलं, कुणाचं ब्रेकअप, कुणाची उधारी, तिथे चुकूनही काढू नका.